जात्याच्या चालीवर ओव्या लिहिल्या, त्याला सात महिने झाले

कळव्यात आमच्या घरी जातं नाही. तरी सात महिने झाले, दिवसाची कामं जात्यावरच्या ओवीत बसवतेय. सुरुवातीला वाटलं, अष्टाक्षरीच ती, आठ-आठ अक्षरं मोजायची की झालं. पहिली जमली ती ही:

रोज राबते मी घरी, कष्ट माझे फार फार
कुणी घेईना दखल, वाहते मी सारा भार

मोजणीत एक अक्षर चुकलेलं नाही. शेजारच्या काकू साताऱ्याकडच्या, लहानपणी आईसोबत दळायला बसलेल्या. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "अगं, पण ह्यात काम कुठं हाय?"

महिनाभर तोच प्रश्न डोक्यात होता. मग हे आलं:

पाच वाजता नळाला, आली बारीक गं धार
कळशी भरता भरता, उजाडलं दारोदार

तिसऱ्या चरणात नऊ अक्षरं आहेत. मी खोडायला निघाले होते. काकूंनी ती म्हणून दाखवली तेव्हा "भरता भरता" एका दमात गेलं, आणि "धार" त्यांनी इतकं लांबवलं की खुंटा एक फेरा फिरून आला असता. तेव्हा कळलं, ही ओवी कागदावर मोजायची नसते. हात फिरतो तसं अक्षर लांबतं, आखडतं. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या अभ्यासकांनी जमवलेल्या लाखावर ओव्यांतल्या कितीतरी "परी"च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या, संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. छापील ओळ आणि गळ्यातली ओळ यांतला फरक तिथे कानाला लगेच कळतो.

आता मी कणीक मळताना ओवी म्हणून बघते. तळहात पुढे गेला की पहिला चरण, मागे आला की दुसरा. हात मध्येच थांबला तर समजायचं, विसावा शब्दाच्या पोटात पडलाय. "लोकल" सहज बसतं. "प्लॅटफॉर्म" तीनदा घालून पाहिलं, दर वेळी जीभ अडखळली. आणि "गं", "बाई", "सये" हे शब्द म्हणताना गळ्याला टेकू देतात. रिकामी जागा भरायला घातले की ओवी पोकळ वाजते. माझ्या वहीतल्या निम्म्या ओव्या मी याच कारणाने खोडल्या.

काकूंनी आणखी एक सांगितलं: शेवटचा चरण माणसाचा. काम सांगत यायचं आणि शेवटी कुणापाशी तरी पोचायचं. त्यावरून ही झाली:

डबा भरला चपातीचा, भाजी बांधली गं न्यारी
सव्वासातच्या लोकलला, माझी लेक उभी दारी

लेक आमच्या दारात उभी, की गाडीच्या? मला दोन्ही हवं होतं, आणि ओवीत ते न सांगता राहिलं.

एक मात्र जमत नाही. घरातल्या वाटणीबद्दल भांडायचं असेल, मुद्द्याला मुद्दा जोडायचा असेल, तर दोन ओळींत मावत नाही. सहा-सात ओव्यांची माळ करून पाहिली, प्रत्येक ओवी आपल्यापुरतीच बोलत राहिली. ते मी आता साध्या गद्यात लिहिते.

परवा काकूंना डब्याची ओवी म्हणून दाखवली. त्यांनी ती उचलली, "लोकलला"चं "लोकलीला" केलं, आणि तीन वेळा म्हटली. वहीत मी तेच लिहून घेतलंय.