शिकवणीच्या ॲपचे ‘मित्राला बोलवा’ आमंत्रण : पुढे पाठवण्याआधी हे वाचा

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमचे गाव आहे. माझी मुलगी आठवीत असून तिच्यासाठी आम्ही शिकवणीच्या एका ॲपचे वर्षाचे शुल्क भरले होते. जून महिन्यात त्या ॲपवर एक जाहिरात दिसू लागली : ‘मित्राला बोलवा, दोघांनाही २,००० रुपयांपर्यंत लाभ. मित्राला पहिला महिना मोफत.’ खाली बटण होते आणि ते दाबताच व्हॉट्सॲपवर पाठवण्यासाठी कंपनीनेच लिहिलेला मजकूर तयार होऊन येत असे. त्या मजकुरात मात्र ‘पर्यंत’ हा शब्द नव्हता. ‘मी माझ्या मुलीसाठी हे ॲप वापरते, माझ्या लिंकवरून आलात तर तुम्हाला २,००० रुपये मिळतील आणि पहिला महिना मोफत,’ असे वाक्य थेट माझ्या तोंडी घातलेले होते. फसवणुकीचे मूळ मला इथेच दिसते, कारण कंपनीने स्वतःच्या पडद्यावर जे वचन जपून दिले होते, तेच पालकाच्या नावाने जाताना बिनशर्त झाले होते.

आमच्या शेजारच्या वहिनींनी त्या लिंकवरून आपल्या मुलाचे नाव नोंदवले. जून म्हणजे पेरणीचे दिवस, बियाणे आणि खत घेऊन हात रिकामा झालेला असतो. अशा वेळी पहिल्या महिन्याला काही द्यावे लागणार नाही, हे वाक्य किती वजनदार ठरते, ते कापूसवाल्या घरांना सांगायला नको. कंपनीच्या माणसाने फोनवर आधार आणि पॅन क्रमांक घेतले, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला आणि नोंदणी झाली असे सांगितले. प्रत्यक्षात त्या ओटीपीने एका वित्तसंस्थेचे २४,००० रुपयांचे कर्ज मंजूर झाले होते आणि ती रक्कम कंपनीकडे गेली होती.

आता ‘मोफत’ या वचनाचा हिशेब पाहा. वर्षाचे शुल्क २४,००० रुपये होते आणि हप्ते २,००० रुपयांचे बारा. पहिला महिना खरोखर मोफत असता, तर अकरा हप्ते म्हणजे २२,००० रुपये व्हायला हवे होते, किंवा शिकवणी तेरा महिने चालायला हवी होती. यांपैकी काहीच झाले नाही. पहिला हप्ता फक्त एक महिना पुढे ढकलला होता, आणि शिकवणीची मुदत नोंदणीच्या दिवसापासूनच मोजली जात होती. ऑगस्टमध्ये खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला, तेव्हा बँकेने दंड कापला आणि वित्तसंस्थेनेही आपला दंड लावला. वहिनींनी ॲपवरून नोंदणी रद्द केली, तरी हप्ते थांबले नाहीत, कारण कर्जाचा करार वेगळ्या संस्थेशी होता.

‘२,००० रुपयांपर्यंत लाभ’ या शब्दांचा अर्थ इंग्रजीतील अटींमध्ये दडलेला होता. पूर्ण २,००० रुपये फक्त दोन वर्षांचे सर्व विषयांचे पॅकेज घेणाऱ्यालाच लागू होते. एका वर्षाच्या नोंदणीवर ५०० रुपये होते, आणि तेही रोख नव्हे, तर ॲपच्या पाकिटात जमा होऊन पुढच्या वर्षाच्या शुल्कातून वजा होणारे. शिवाय त्यांची मुदत ९० दिवसांची होती. आमचे पुढचे शुल्क त्यानंतर कित्येक महिन्यांनी येणार होते, म्हणजे ते ५०० रुपये वापरता येण्यापूर्वीच बुडणार हे अटी लिहिणाऱ्याला ठाऊक असणारच. ‘ताई, तुमच्या नावाने आले म्हणून भरले,’ असे वहिनी म्हणाल्या, आणि कंपनीला नेमका तोच विश्वास हवा होता.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्र सरकारची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत असावा आणि त्याने दाव्याला छेद देऊ नये, असे त्यांत सांगितले आहे. मराठी जाहिरातीला इंग्रजी अटी जोडणे त्यात बसत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवताना आम्ही हाच मुद्दा पुढे केला. तोवर ॲपवरील जाहिरात बदललेली होती, पण व्हॉट्सॲपवर पाठवलेला मूळ मजकूर तारखेसह शिल्लक होता आणि तोच आमचा पुरावा ठरला. कंपनीने उरलेले हप्ते स्वतः भरण्याचे मान्य केले. दंडाची रक्कम अजून परत मिळालेली नाही, तिच्यासाठी वहिनी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

असे आमंत्रण तुमच्याकडे आले, तर रक्कम रोख आहे की पुढच्या शुल्कातून वजा होणार, ती केव्हा बुडते, आणि पैसे हप्त्याने भरायचे असल्यास कर्ज कोणाच्या नावावर निघते, हे कंपनीकडून मराठीत लेखी मागा. प्रामाणिक मजकूर असा लिहिता आला असता : ‘तुमच्या ओळखीच्या पालकांनी वर्षाचे २४,००० रुपये भरले, तर तुमच्या पुढच्या शुल्कातून ५०० रुपये कमी होतील. त्यांना पहिला हप्ता एक महिना उशिरा भरता येईल, एकूण शुल्क तेवढेच राहील. हप्ते म्हणजे त्यांच्या नावावरील कर्ज असेल.’ ओटीपी सांगण्यापूर्वी वित्तसंस्थेचे नाव, एकूण परतफेड आणि दंड लिहिलेला कर्जाचा तपशील मागून घ्या. तो देणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि कर्ज घेतल्यावर ठरावीक मुदतीत दंडाशिवाय ते परत करून बाहेर पडण्याची सोयही त्याच नियमांत आहे. ती मुदत किती दिवसांची आहे, हे त्या तपशिलातच लिहिलेले असते.