विमानातला आणि हॉटेलातला वाय-फाय पास: मिनिटं मोजणारा बरा की एमबी मोजणारा?

गेले काही महिने कामामुळे सतत प्रवास सुरू आहे. त्यात विमानातले आणि हॉटेलातले वाय-फाय पास इतक्या तऱ्हेचे घेऊन झाले की आता पैसे भरण्याआधी मी वेग बघतच नाही. आधी बघतो की पॅक नेमकं मोजतो काय, आणि मोजायला सुरुवात कधीपासून करतो.

वेळेच्या पॅकचं घड्याळ टॅक्सीच्या वेटिंग मीटरसारखं असतं. तुम्ही नेट वापरा, झोपा, नाहीतर जेवणाचा ट्रे पुढ्यात घेऊन बसा, ते चालूच राहतं. काही ठिकाणी लॉगआउट केलं की घड्याळ थांबतं, पण बऱ्याच ठिकाणी थांबत नाही. हे ओळखणं सोपं आहे. पास सुरू केल्यावर पोर्टलवर उरलेली मिनिटं पाहा, लॉगआउट करा, पाच मिनिटांनी परत आत या आणि आकडा पुन्हा पाहा. फक्त वाय-फाय बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे. सर्व्हरच्या लेखी तुमचं सत्र तसंच उघडं असतं.

विमानात याला आणखी एक फाटा आहे. मध्येच सिग्नल जातो. कधी एका उपग्रहाच्या टापूतून दुसऱ्याच्या टापूत जाताना, कधी एखाद्या देशाच्या हद्दीत सेवेला परवानगी नसते म्हणून. तेवढा वेळ तासाभराच्या पॅकमधून सहसा तसाच कापला जातो. अनेक विमानांत सेवा ठरावीक उंची गाठल्यावरच सुरू होते आणि खाली उतरताना बंद होते, त्यामुळे उतरायला चाळीस मिनिटं उरली असताना तासाचा पास घेण्यात अर्थ नाही. हॉटेलात प्रश्न वेगळा: ‘एक दिवस’ म्हणजे लॉगिनपासून 24 तास, की चेकआउटच्या वेळेपर्यंत? रात्री उशिरा पोहोचणाऱ्याला हा फरक अर्ध्या दिवसाचा पडतो. रिसेप्शनवर आधीच विचारावं.

डेटा पॅकमध्ये घड्याळाची कटकट नाही, पण तो तुमच्या नकळत संपतो. फोनच्या हिशेबी वाय-फाय म्हणजे फुकटचं नेट. म्हणून मोबाइल डेटावर दबकून बसलेली सगळी कामं, म्हणजे फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, क्लाउडचं सिंक, वाय-फाय मिळताच एकदम सुटतात. पास विकत घेतलेला आहे हे फोनला कोण सांगणार?

एक उदाहरण मांडतो. लांबच्या फ्लाइटमध्ये तुमच्यासमोर दोन पर्याय आहेत: 100 एमबी किंवा एक तास. काम एवढंच की साधे वीसेक मेल पाहायचे, 5 एमबीचा एक अहवाल पाठवायचा, आठ-दहा वेबपानं चाळायची आणि घरच्यांशी मजकुरात बोलायचं. साधे मेल मिळून 2 एमबीच्या आत राहतात. हल्लीचं वेबपान सहज 2-3 एमबीचं असतं, तेव्हा त्यांचे 25-30 एमबी धरा. मजकूर नगण्य. सगळं मिळून 40 एमबीच्या आतबाहेर. हे काम प्रवासभर विखुरलेलं असेल, तर 100 एमबीचा पॅक निःसंशय बरा. आता त्यात निघण्यापूर्वी फोनवर काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ घाला. आयफोनवर 1080p, 30 फ्रेमचा एक मिनिट साधारण 60 एमबी होतो. तो बॅकअपला लागला की तुमचा हिशेब तिथेच कोलमडला.

याला उपाय आहे, आणि तो पैसे भरण्याआधीच करायचा. विमानाच्या नेटवर्कला पास न घेताही जोडता येतं, पोर्टलचं पान दिसतं आणि डेटा कापला जात नाही. तेवढ्यात आयफोनवर त्या नेटवर्कपुरता ‘लो डेटा मोड’ लावा, अँड्रॉइडवर ते नेटवर्क ‘मीटर्ड’ करा, विंडोजवर ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. विंडोजचे बहुतेक अपडेट आणि वनड्राइव्हचं सिंक त्याने थांबतं. बाकीच्या क्लाउड ॲपना हाताने थांबवावं लागतं. आणि डेटा पॅकवर स्पीड टेस्ट मुळीच करू नका. 5 एमबीपीएसच्या लाइनवर पंधरा सेकंदांची एक चाचणी 9-10 एमबी घेऊन जाते, म्हणजे पॅकचा दहावा हिस्सा.

उलट, मोठी फाइल उतरवायची असेल किंवा सलग तासभर दूरच्या संगणकावर काम करायचं असेल, तर वेळेचा पॅक घ्यावा. तिथेही एक अडचण आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो, त्यामुळे संदेश जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतं. वेग चांगला दिसतो, पण दूरच्या संगणकावर प्रत्येक अक्षर उशिरा उमटतं. स्टारलिंकसारखे उपग्रह सुमारे 550 किलोमीटरवर असतात, तिथे हा त्रास जवळपास जाणवत नाही.

आता व्हिडिओ. अडवायच्या पद्धती मुख्यतः दोन: ठरावीक सेवांची नावं ओळखून त्या बंद करणं, किंवा प्रत्येक डिव्हाइसला वेगाची मर्यादा लावणं. वेळेच्या पासवर असाल तर ओळखायचं असं: fast.com ही नेटफ्लिक्सची चाचणी आहे आणि ती त्यांच्याच सर्व्हरवरून मोजते. दुसरी कुठलीही चाचणी बरा वेग दाखवते आणि fast.com अडखळते, तर व्हिडिओच अडवलाय. दोन्ही सारख्याच मंद असतील, तर सरसकट मर्यादा आहे किंवा गर्दी आहे. गंमत म्हणजे स्ट्रीमिंग बंद असलेल्या पासवरही सोशल मीडियात आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बरेचदा व्यवस्थित चालतात, कारण ते फोटोंच्याच वाटेने येतात. 1 एमबीपीएसचा साधा व्हिडिओसुद्धा मिनिटाला साडेसात एमबी खातो. ऑटोप्ले आधी बंद करा.

माझी खरी तक्रार मात्र डिव्हाइसच्या संख्येबद्दल आहे. एका हॉटेलात पास ‘तीन डिव्हाइस’चा होता, माझ्याकडे फोन आणि लॅपटॉप अशी दोनच, आणि दुसऱ्या संध्याकाळी पोर्टल म्हणतं मर्यादा संपली. कारण असं की हॉटेलची यंत्रणा डिव्हाइस ओळखते मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे नेटवर्कला जोडताना डिव्हाइस देतं त्या ओळख क्रमांकावरून, आणि हल्लीचे फोन गोपनीयतेसाठी प्रत्येक नेटवर्कच्या नावाला वेगळा, बनावट ॲड्रेस देतात. लॉबीच्या वाय-फायचं नाव एक, खोलीतल्याचं दुसरं, रेस्टॉरंटमधल्याचं तिसरं. एकाच फोनने तीन जागा अडवल्या! आयफोनवर हा ॲड्रेस ‘रोटेटिंग’ ठेवला असेल तर तो काही दिवसांनी स्वतःहूनही बदलतो. मुक्कामापुरता ‘फिक्स्ड’ करून एकाच नावाच्या नेटवर्कला चिकटून राहिलं की हा घोळ होत नाही. भरलेल्या जागा रिसेप्शनवरून मोकळ्या करून मिळतात. तिथे ‘वाय-फाय चालत नाही’ म्हणू नका, ‘जुनी सत्रं काढा’ असं म्हणा, काम लवकर होतं.

विमानातला ‘एक डिव्हाइस’ पास खात्याला बांधलेला असेल, तर फोनवरून लॉगआउट करून लॅपटॉपवर आत शिरता येतं. एकावेळी एकच, एवढाच नियम. पास थेट डिव्हाइसला बांधलेला असेल, तर ज्यावर घेतला त्यावरच संपवावा लागतो. म्हणून खातं न विचारता नुसते पैसे घेणारं पोर्टल दिसलं की मी लॅपटॉपवरूनच पास घेतो. विंडोजचा ‘मोबाइल हॉटस्पॉट’ चालू करून तोच पास फोनला वाटताही येतो, फक्त काही सेवांच्या अटींत याला मनाई असते, त्या वाचून घ्याव्यात.