रात्री आपोआप सुरू होणारा टीव्ही: सीईसी बंद करायचं ते टीव्हीत, बॉक्समध्ये की केबलवर?

बडोद्यात दांडिया बाजारला आमच्या काकू एकट्या राहतात. गेल्या पावसाळ्यात दोनदा रात्री अडीचच्या सुमारास त्यांचा टीव्ही आपोआप लागला, तोही मोठ्या आवाजात. दुसऱ्या वेळी त्या पहाटेपर्यंत जाग्याच होत्या. दोन्ही रात्री लाइट जाऊन आली होती, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं आणि मला दिशा मिळाली.

एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज जातो, तसे एका बारीक तारेवरून हुकूमही जातात. ही तार म्हणजे सीईसी, प्लगमधली तेरा नंबरची पिन. सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक सुरू झाली की याच तारेवरून ‘जागा हो, आता मला दाखव’ असा निरोप येतो. टीव्ही स्टँडबायमध्ये असेल तर तो लागतो, आधीच चालू असेल तर इनपुट बदलतं. टीव्ही कंपन्या या सोयीला वेगवेगळी नावं देतात. सॅमसंगमध्ये Anynet+, एलजीमध्ये Simplink, सोनीत Bravia Sync.

आधी दोषी कोण ते ठरवा. काकूंकडे पहिल्या पोर्टला सेट-टॉप बॉक्स, दुसऱ्याला स्टिक आणि ARC लिहिलेल्या तिसऱ्या पोर्टला साउंडबार होता. एआरसी म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलवरूनच साउंडबारकडे पाठवण्याची सोय. टीव्ही रिमोटने बंद करून मी फक्त बॉक्सचं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. मिनिटभरात बॉक्स उठला आणि टीव्हीही उठला. बॉक्सची एचडीएमआय केबल काढून तेच केलं, तर टीव्ही शांत राहिला. म्हणजे लाइट आल्यावर बॉक्स रीस्टार्ट होई आणि तोच टीव्हीला उठवी. सगळ्या केबली काढूनही टीव्ही लागत असेल तर सीईसीला दोष देऊ नका. मग टीव्हीतला टायमर, मोबाइलवरून चालू करण्याची सोय किंवा लाइट आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग तपासा.

आता तीन वाटा. टीव्हीतच सीईसी बंद करणं सगळ्यात सोपं, दोन मिनिटांचं काम. साउंडबार नसेल तर मी दुसरं काही सुचवणारच नाही. पण साउंडबार एआरसीवर असेल तर ही वाट महागात पडते. बहुतेक टीव्हींत एआरसी सीईसीच्याच आधाराने सुरू होतं, त्यामुळे सीईसी गेलं की बारमधून आवाज येणं थांबू शकतं आणि टीव्हीच्या रिमोटने त्याचा आवाज कमी-जास्त करणंही जातं. ऑप्टिकल केबल लावून आवाज परत मिळतो, पण तो बारच्या वेगळ्या रिमोटने सांभाळावा लागतो. काकूंच्या हातात दोन रिमोट देणं मला पटलं नाही.

दुसरी वाट म्हणजे जे उपकरण त्रास देतं त्याच्यातच सोय बंद करणं. साउंडबार असलेल्या घरात माझी पहिली पसंती हिलाच, कारण बाकी सगळं जसंच्या तसं राहतं. प्लेस्टेशन ५ मध्ये तर पूर्ण दुवा तोडावा लागत नाही. एचडीएमआयच्या सेटिंगमध्ये फक्त Enable One-Touch Play बंद केलं की पुरे. काकूंच्या स्टिकमध्येही सीईसी बंद करता आलं. एकच सांभाळायचं, फॅक्टरी रीसेट झालं, कधी अपडेटनंतरही, ही सेटिंग पुन्हा चालू झालेली सापडते.

बॉक्सच्या मेनूत मात्र असा पर्याय कुठेच नव्हता. अशा वेळी तिसरी वाट कामाची: तेरा नंबरची पिन न जोडलेला छोटा एचडीएमआय अडॅप्टर. तो फक्त त्या एका केबलवर लावायचा. चित्र-आवाज जातो, हुकूम जात नाही, आणि सेटिंग पुसली जाण्याची भीती नाही. साउंडबारच्या केबलवर तो चुकूनही लावू नका, नाहीतर एआरसीच अडेल. घेताना ‘सीईसी नसलेला’ असं स्पष्ट लिहिलेलं बघा, आणि बॉक्स ४के असेल तर अडॅप्टरही ४केला चालणारा हवा. चित्रात पांढरे ठिपके चमकले किंवा पडदा मधेच काळा झाला, तर अडॅप्टर कमी प्रतीचा समजा. भिंतीला चिकटून लावलेल्या टीव्हीमागे त्याला जागा आहे का तेही आधी मोजा, कारण वाकलेल्या अडॅप्टरचा ताण पोर्टवर येतो. प्लगमधल्या पिनवर चिकटपट्टी लावण्याचा उपाय मी करणार नाही. पिना इतक्या बारीक आणि जवळजवळ असतात की शेजारची झाकली जाते.

काकूंकडे मग बॉक्सवर अडॅप्टर आणि स्टिकमध्ये सेटिंग, असे दोन्ही केले. बॉक्सचं बटण तीनदा बंद-चालू करून पाहिलं, टीव्हीचा लाल दिवा तसाच राहिला. बॉक्सच्या रिमोटचं टीव्ही बंद करायचं बटण अजूनही चालतं, कारण ते इन्फ्रारेडवर आहे, केबलवर नाही.