वेक्टरस्कोपवर दोन कॅमेऱ्यांचे चेहरे जुळवताना: आठ महिन्यांचा अनुभव

सांगलीत लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आहेत. एकात नवरी गव्हाळ दिसते, तर कट मारून दुसऱ्यावर गेलं की तीच हिरवट. पूर्वी हे नजरेनं जुळवायचो. रात्री बरोबर वाटलेलं सकाळी चुकलेलं दिसायचं, कारण तासभर बघितल्यावर डोळा कुठल्याही रंगछटेला सरावतो. गेले आठ महिने डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतला वेक्टरस्कोप लावून काम करतोय.

वेक्टरस्कोप म्हणजे गोल तबकडी. मध्यभागी रंगहीन, म्हणजे पांढरं, राखाडी, काळं. ठिपके मध्यापासून जितके लांब, तितका रंग गडद, आणि कुठल्या दिशेला गेले त्यावरून रंग कोणता ते कळतं. सेटिंगमध्ये `Show Skin Tone Indicator` चालू केलं की लाल आणि पिवळ्याच्या मधे एक तिरकी रेघ येते. चेहरा गोरा असो वा सावळा, साध्या प्रकाशात त्याचे ठिपके या रेघेच्या आसपासच पडतात. फरक पडतो तो उजेडात आणि रंगाच्या गडदपणात. उजेड मात्र हा स्कोप दाखवतच नाही, म्हणून आधी उजेडाचा आलेख दाखवणारा वेव्हफॉर्म बघून दोन्ही क्लिपमधल्या चेहऱ्याचा उजेड सारखा करून घ्यायचा. लॉगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या फिक्या, सपाट रंगांच्या सेटिंगवर शूट केलं असेल तर त्याच्याही आधी रेक ७०९ या नेहमीच्या टीव्हीच्या रंगांमध्ये आणायचं, नाहीतर ठिपके मध्यातच गोळा होऊन बसतात.

अख्ख्या फ्रेममध्ये मंडपाचे पडदे आणि शालूच एवढा गोंधळ घालतात की चेहरा सापडत नाही. म्हणून गालावर एक छोटी गोल विंडो टाकतो आणि `Shift+H` दाबतो. बाकी चित्र राखाडी होऊन मध्यात जातं आणि गालाचे ठिपके तेवढे उरतात. कुंकू, ओठ, मुंडावळ्या विंडोबाहेर ठेवायच्या. ठिपके बारीक वाटले तर `Show 2x Zoom`.

आता खरी गोष्ट, जी कळायला मला तीन महिने लागले. मिरजेच्या एका लग्नात पहिल्या कॅमेऱ्यातला नवरीचा गाल रेघेवर होता आणि दुसऱ्यातला पिवळ्याच्या बाजूला कललेला. मी `Hue` फिरवून तो रेघेवर आणला. चेहरा जुळला, पण मागं बसलेल्या आजोबांची पांढरी टोपी हिरवटच राहिली आणि शालूचा रंग बदलला. मग विंडो टोपीवर नेली, तर तिचे ठिपके मध्यापासून हिरव्याकडे सरकलेले. म्हणजे एकट्या कातडीचा रंग बिघडला नव्हता, हॉलच्या एलईडीमुळे अख्खं चित्रच हिरव्याकडे ढकललं गेलं होतं. `Hue` फिरवल्यानं सगळं मध्याभोवती गोल फिरतं, मधला बिंदू हलत नाही. तो हलवायला `Temp`, `Tint` किंवा `Offset` लागतं. `Hue` परत होतं तसं केलं आणि `Tint` मॅजेंटाकडे नेला. टोपी मध्यात आली तशी गालाचा कल आपोआप निघाला आणि शालूही पहिल्या कॅमेऱ्यासारखा झाला. उरला होता फक्त गडदपणा, तो `Saturation` थोडं वाढवून भरून काढला.

तेव्हापासून आधी टोपी बघतो, मग गाल. पांढरं मध्यात असूनही गाल रेघेपासून लांब असेल, तरच `Hue Vs Hue` या कर्व्हमध्ये तेवढा रंग उचलून सरकवायचा.

जिथं उपयोग होत नाही तेही सांगतो. गुलाबी पडद्याजवळ उभं राहिलं की एक गाल गुलाबी आणि दुसरा हॉलच्या दिव्याचा, ठिपक्यांचे दोन पुंजके होतात. तिथं एका दुरुस्तीत काम होत नाही, चेहऱ्याच्या त्या बाजूला वेगळी विंडो लावावी लागते. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर एकाच शॉटमध्ये ठिपके चालत राहतात. आता दोन्ही कॅमेरे मॅन्युअलवर ठेवतो, निम्मं काम तिथंच वाचलं.

आणि रेघेवरच आणायचा हट्ट नको. हे मी हळदीच्या कार्यक्रमात शिकलो. नवरदेवाचे गाल पिवळ्याकडे गेलेले दिसले म्हणून इमानदारीनं दोन्ही क्लिप रेघेवर ओढल्या. व्हिडिओ बघून त्याची आई म्हणाली, "दादा, हळद कुठं गेली ओ? ह्याच्या तोंडाला माती लावल्यागत दिसतंय." हळदीच्या बाजारपेठेच्या गावात हे ऐकावं लागलं, फार वाईट वाटलं. सगळं परत केलं. हळद लागलेला चेहरा पिवळ्याकडे झुकणारच, त्याला तिथंच राहू द्यायचं. आता हळदीत रेघ बंद करतो, पहिल्या कॅमेऱ्यातल्या गालाचे ठिपके जिथं पडतात तिथं मॉनिटरवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावतो आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचा गाल त्या तुकड्यापाशी आणतो.