पासवर्ड मिळाले, पण अकाउंट आमचं नव्हतंच : जाहिरात एजन्सी सोडताना झालेली फसवणूक

आम्ही ऑफिसांसाठी फर्निचर बनवतो. भाऊ कारखाना बघतो, मी विक्री आणि हिशेब. ऑनलाइन जाहिरातींचं काम दोन वर्षं एका एजन्सीकडे होतं. त्यांना काढताना आमचं जे नुकसान झालं ते त्यांच्या वाईट कामापेक्षा मोठं होतं, आणि त्यातलं बरंचसं टाळता आलं असतं. म्हणून हे लिहिते आहे.

संशय एका आकड्यावरून आला. दर महिन्याला त्यांच्याकडून एक देखणी पीडीएफ यायची. एका महिन्याच्या पीडीएफमध्ये १४८ 'कन्व्हर्जन', म्हणजे आमच्या समजुतीप्रमाणे जाहिरातीतून आलेल्या चौकशा, लिहिलेली होती. मी चौकशांची वही ठेवते, त्यात त्या महिन्यात फोन आणि फॉर्म मिळून २७ नोंदी होत्या. मी विचारलं तेव्हा आमचं अकाउंट सांभाळणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमची सेल्स टीम फॉलोअप घेत नाहीये, लीड तर येतायत." आधीचे तीन महिने हेच उत्तर ऐकून मी आमच्याच माणसांना बोलले होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्याच महिन्यात भावाने आणि मी ठरवलं, बास. करारात ३० दिवसांची नोटीस होती. सकाळी मी ईमेल पाठवला: करार संपवत आहोत, सगळी अकाउंट्स, पासवर्ड आणि डिझाइनच्या फाइल्स सोपवा. संध्याकाळपर्यंत ज्या रिपोर्टच्या लिंकवर मी आकडे बघायचे ती बंद झाली होती. आमची घोडचूक हीच. ताबा हातात नसताना आम्ही नोटीस दिली.

आठवड्याभराने 'हँडओव्हर' म्हणून एक एक्सेल शीट आली. ११ ओळी, प्रत्येकीत लॉगिन आणि पासवर्ड. पहिल्यांदा बघून हायसं वाटलं. प्रत्यक्षात त्यातले चारच चालले. आमच्या नावाने त्यांनी उघडलेल्या जीमेलचा पासवर्ड बरोबर होता, पण लॉगिन करताना ओटीपी मागितला गेला आणि तो ज्या मोबाइलवर गेला तो त्यांच्याकडून नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाचा होता. त्याला शोधून, विनवून तो कोड मिळवायला बारा दिवस गेले. आत शिरल्यावर मी लगेच पासवर्ड बदलला आणि काम झालं असं समजले. माझ्या चुलतभावाने, जो याच क्षेत्रात आहे, मला थांबवलं. रिकव्हरी फोन, रिकव्हरी ईमेल, टू-स्टेपसाठी जोडलेली उपकरणं, आधीपासून लॉगिन असलेले मोबाइल आणि कॉम्प्युटर, हे सगळं एकेक करून काढावं लागतं. शिवाय रिकव्हरी ईमेल बदलला तरी पुढचे सात दिवस जुन्या पत्त्यावर कोड मागवायची सोय गूगल ठेवू शकतं. त्यामुळे तो पहिला आठवडा मी रोज त्या अकाउंटची सुरक्षेची नोंद बघत होते.

पण खरा धक्का वेगळाच होता. शीटमध्ये गूगल अ‍ॅड्सची ओळच नव्हती. विचारलं तर उत्तर आलं, "ते आमच्या एमसीसीमध्ये आहे, त्याला वेगळा पासवर्ड नसतो." हे खरं होतं, पण अर्धं. एमसीसी म्हणजे एजन्सीचं मॅनेजर अकाउंट. त्याखाली एजन्सी ग्राहकासाठी अकाउंट उघडते, आणि त्यात ग्राहकाचा स्वतःचा ईमेल अ‍ॅडमिन म्हणून घातलेला नसेल, तर दोन वर्षांचा सगळा इतिहास, जाहिरातीसाठी निवडलेले, चाललेले आणि न चाललेले शोधशब्द, सगळं एजन्सीच्या हातात राहतं. पासवर्ड मागणं इथे निरर्थक असतं. मागायचा असतो तो `Admin` पातळीचा प्रवेश, आपल्या ईमेलवर.

सुरुवातीला ते अकाउंटचा नंबरही द्यायला तयार नव्हते. इथे एक गोष्ट उपयोगी पडली. दुसऱ्यांसाठी जाहिराती चालवणाऱ्या कंपन्यांसाठी गूगलचं एक धोरण आहे. ग्राहकाने मागितला तर दहा आकडी कस्टमर आयडी द्यावा लागतो, आणि जाहिरातीवर नेमका किती खर्च झाला हेही सांगावं लागतं. त्या धोरणाचा उल्लेख करून मी लेखी ईमेल केला आणि दुसऱ्या दिवशी आयडी आला. प्रवेश मात्र शेवटचं बिल पूर्ण भरल्यावरच मिळाला. बिलाबद्दल आमचा वाद होता, तरी आम्ही भरलं, कारण रोज उशीर होत होता.

आत गेल्यावर मी तीन गोष्टी बघितल्या.

पहिली, कन्व्हर्जनची यादी. त्या १४८ पैकी १०४ म्हणजे आमचं संपर्काचं पान कोणीतरी नुसतं उघडलं होतं. २३ म्हणजे फोनच्या बटणावर बोट लागलं होतं, आणि एकाच माणसाने तीनदा दाबलं तरी तीन मोजले जात होते. खरे भरलेले फॉर्म २१. आकडा खोटा नव्हता, पण ज्याला चौकशी म्हणून आम्हाला दाखवलं ती चौकशी नव्हती. ज्यांची एजन्सी अजून चालू आहे त्यांनी आजच विचारावं की कन्व्हर्जन म्हणून नेमक्या कोणत्या कृती मोजल्या जातात आणि प्रत्येकीचे वेगळे आकडे किती.

दुसरी, `Change history`. कोणी, कधी, काय बदललं याची गेल्या दोन वर्षांपर्यंतची नोंद तिथे राहते. शेवटच्या सात महिन्यांत आमच्या अकाउंटमध्ये नऊ बदल होते, त्यातले सहा फक्त बजेटचे. दर महिन्याच्या पीडीएफमध्ये मात्र 'ऑप्टिमायझेशन'चं अख्खं पान असायचं. आणि शंभरातले जवळपास साठ क्लिक आमच्याच कंपनीचं नाव शोधणाऱ्या लोकांचे होते. म्हणजे जे आम्हाला आधीच ओळखत होते त्यांना आणण्यासाठी आम्ही पैसे मोजत होतो.

तिसरी गोष्ट बघून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. एजन्सीचं बिल एकच यायचं, जाहिरातीचा खर्च आणि त्यांची फी वेगवेगळी लिहिलेली, आणि पैसे त्यांच्या कार्डावरून जायचे. खर्चाच्या रकान्यातली महिन्यांची बेरीज मी आमच्या बिलांशी ताडून पाहिली. जाहिरातीसाठी म्हणून आम्ही दिलेल्या दर शंभरातले एकसष्टच प्रत्यक्ष जाहिरातीवर गेले होते. फी त्याच्याशिवाय वेगळी घेतलेली होतीच. मी हिशेब बघते, आणि दोन वर्षांत एकदाही गूगलचं मूळ बिल मागितलं नव्हतं. कार्ड पहिल्या दिवसापासून आपलंच लावलं असतं तर हे घडूच शकलं नसतं.

मेटाच्या बाजूला तर सुटकाच नव्हती. आमचं फेसबुक पेज त्यांच्या बिझनेस पोर्टफोलिओत, म्हणजे पेज आणि जाहिरातींची खाती एकत्र ठेवायच्या मेटावरच्या जागेत, होतं, ते बऱ्याच तगाद्यानंतर त्यांनी सोडलं. पण अ‍ॅड अकाउंट आणि वेबसाइटवर येणाऱ्यांची नोंद ठेवणारा पिक्सेल त्यांच्या पोर्टफोलिओत तयार झालेले होते, आणि तिथे तयार झालेलं अ‍ॅड अकाउंट दुसऱ्याच्या पोर्टफोलिओत हलवता येत नाही. आम्हाला नवं उघडावं लागलं आणि नवीन जाहिराती पहिल्यापासून 'लर्निंग'मध्ये, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची हे मेटाची यंत्रणा शिकत असते त्या अवस्थेत, गेल्या. आठवड्याला साधारण पन्नास परिणाम मिळाल्याशिवाय ती अवस्था संपत नाही, आणि आमच्यासारख्या व्यवसायाला तेवढे मिळतच नाहीत. बरोबर पद्धत उलटी आहे: पोर्टफोलिओ आपला, पेज, अ‍ॅड अकाउंट आणि पिक्सेल त्यात, आणि एजन्सीला `Partners` मधून फक्त काम करण्यापुरता प्रवेश. सोडायच्या दिवशी तो एक प्रवेश काढला की झालं.

यातच एक नुकसान असं झालं की ते भरून येणार नाही. फेसबुकच्या फॉर्मवर आलेल्या लोकांची नावं आणि नंबर ९० दिवसांपर्यंतच उतरवून घेता येतात. एजन्सी ती आम्हाला 'गाळून' पाठवायची. आम्ही पेजचा ताबा मिळवेपर्यंत त्यातले बरेच दिवस उलटून गेले होते.

फाइल्सचं सांगते. एक लिंक आली, तिच्यात २१२ फाइल्स, सगळ्या जेपीजी आणि एमपी४. एका जाहिरातीतला फोन नंबर बदलायचा होता, तो बदलता येईना, कारण ओपन फाइल एकही नव्हती. करारात शब्द होते 'अंतिम डिझाइन सुपूर्द केली जातील', आणि त्यांनी अंतिमच दिली. 'फोटोशॉपच्या पीएसडी किंवा इलस्ट्रेटरच्या एआय मूळ फाइल्स, लेयरसकट, व्हिडिओचं कच्चं चित्रीकरण आणि एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल' असं लिहून घेतलं असतं तर बोट ठेवायला जागा होती. वापरलेले फोटो त्यांच्या स्टॉक साइटच्या वर्गणीतले होते. परवान्याचे पुरावे मागितले, मिळाले नाहीत, म्हणून आम्ही ती सगळी डिझाइन बाजूला ठेवली. फॉन्टचंही तेच. दोन वर्षांच्या कामातून शेवटी वापरता आले ते आमच्या कारखान्यात काढलेले फोटो.

नव्या माणसाशी करार करताना चुलतभाऊ शेजारी बसला होता. त्याने सांगितलेला क्रम मी तसाच पाळते, आणि एजन्सी सोडायच्या विचारात असलेल्यांनीही नोटिशीआधी तो पाळावा. आधी नेहमीचं काम म्हणून प्रत्येक ठिकाणी आपला ईमेल अ‍ॅडमिन करून घ्यायचा: गूगल अ‍ॅड्स, अ‍ॅनालिटिक्स, वेबसाइटवरचे मोजणीचे कोड सांभाळणारं टॅग मॅनेजर, मेटा, डोमेन. मग आपण स्वतः आत जाऊन टॅग मॅनेजरचा कंटेनर, म्हणजे त्यातली सगळी मांडणी, जेसॉन फाइल म्हणून उतरवायचा, गूगल अ‍ॅड्स एडिटरमधून मोहिमा आणि ज्या शोधशब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांच्या याद्या काढायच्या, लीड उतरवायच्या, ओपन फाइल्स मागायच्या आणि त्यातली एक उघडून बघायची. पैसे भरायचं कार्ड आपलं करायचं. एवढं झाल्यावर नोटीस. एजन्सीचं मॅनेजर अकाउंट तोडायचं ते सगळ्यात शेवटी, आपला अ‍ॅडमिन प्रवेश चालतोय याची खात्री करून.

ते तोडल्यावरही एक काम उरतं, जे आमच्या लक्षात नोटिशीनंतर चार महिन्यांनी आलं. आमच्या वेबसाइटवर त्यांचा पिक्सेल तसाच चालू होता. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद त्यांच्या पोर्टफोलिओत जात होती, आणि तिच्या आधारावर त्यांना दुसऱ्या ग्राहकासाठी, आमच्याच स्पर्धकासाठीसुद्धा, जाहिरात दाखवता आली असती. त्यांनी तसं केलं का ते मला कधीच कळणार नाही. टॅग मॅनेजर उघडून त्यांचे तीन टॅग मी काढले, नवा व्हर्जन प्रसिद्ध केला आणि साइट पुन्हा उघडून आता फक्त आमचाच पिक्सेल चालतोय हे बघितलं. नोटीस दिल्यापासून त्या दिवसापर्यंत १२६ दिवस गेले होते.