नुसते ‘फिक्स इट’ लिहून येणारे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची तयार उत्तरे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बेळगावात आमचे डीटीपी, फोटो प्रिंटिंग आणि फ्रेम बनवण्याचे दुकान आहे. खानापूर आणि निपाणी या भागांतील ग्राहक कामे बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवतात. कोणी ‘नीट करून द्या’ लिहितो, कोणी ‘सरि माडि’, तर तरुण मुले नुसते ‘फिक्स इट’. सोबत एक फोटो, आणि पुढे काही नाही. अशा निरोपांसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधील ‘क्विक रिप्लाय’ ही सोय आम्ही गेले काही महिने वापरत आहोत. उत्तर एकदा लिहून त्याला छोटे नाव द्यायचे. मग / दाबून ते नाव टाइप केले की पूर्ण मजकूर समोर येतो. ही सोय चांगली आहे, पण तिचा उपयोग आपण प्रश्न कसा लिहितो यावर अवलंबून राहतो.

‘नक्की काय करायचे आहे?’ या प्रश्नाला ‘नीट करा’ हेच उत्तर परत येते, कारण ग्राहकाच्या दृष्टीने त्याने सर्व सांगून झालेले असते. म्हणून आम्ही कामाऐवजी हातात काय मिळणार हे विचारतो: ‘हाच फोटो स्वच्छ करून मोबाईलवर हवा आहे का, वस्तू दुकानात आणून दुरुस्त करायची आहे का, की त्यावरील अक्षरे बदलून नवी प्रिंट हवी आहे?’ याला बहुधा लगेच स्पष्ट उत्तर मिळते.

तरीही प्रश्न पाठवण्यापूर्वी फोटो नीट पाहावा लागतो. खानापूरहून एकदा भिंतीवरील तसबिरीचा फोटो आला. त्यात खिळा आणि भिंतीचा रंगसुद्धा दिसत होता. चेहऱ्याचे काम करून घेणारा माणूस सहसा चेहऱ्याजवळ जाऊन फोटो काढतो. येथे पूर्ण तसबीर घेतलेली असल्यामुळे दुरुस्ती वस्तूची असावी असे वाटले. कोपऱ्यापासून एक तिरपी रेघही गेली होती. अशी रेघ काचेवरची आहे की आतल्या फोटोला पडलेली घडी आहे, हे ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबावरून बऱ्याचदा कळते. रेघेपाशी प्रतिबिंब तुटले किंवा सरकले असेल तर काच फुटलेली असते. ते अखंड असेल तर रेघ काचेखाली आहे. येथे प्रतिबिंब तुटलेले होते, म्हणजे काच गेली होती.

पण तीन पर्यायांचा प्रश्न पाठवल्यावर कळले की घरच्यांना तडा खटकतच नव्हता. खालच्या पट्टीवर निधनाचे साल 2012 ऐवजी 2013 छापले गेले होते आणि यंदाच्या श्राद्धापूर्वी ते बदलायचे होते. मोबाईलवरील फोटोत आकडा बदलून पाठवला असता तर भिंतीवरची तसबीर तशीच राहिली असती. पट्टी काचेच्या आत असल्यामुळे तसबीर उघडणे भाग होते, आणि खानापुराकडील पावसाळी दमटपणात जुना फोटो काचेला चिकटण्याची शक्यता असते. तसा फोटो ओढला की त्याचा वरचा थर काचेवरच राहतो. म्हणून ‘तसबीर न उघडता तशीच आणा’ असे कळवले. फोटो खरोखरच एका बाजूने चिकटलेला निघाला. तो न सोडवता आम्ही काचेवरूनच त्याची प्रत घेतली, तिच्यावरील डाग आणि तड्याची रेघ संगणकावर काढली आणि नवी पट्टी लावून तसबीर पुन्हा बांधली. एका निरोपात तिन्ही कामे निघाली. सुरुवात मात्र सालापासून करावी लागली.

मजकुराच्या कामात आणखी एक अडचण असते. मूळ फाइलमधील अक्षरे ‘कर्व्ह’ केलेली, म्हणजे टाइप करता न येणाऱ्या नुसत्या आकृत्या झालेली असतील, किंवा जुन्या मराठी अथवा कन्नड फॉन्टमधील असून तो फॉन्ट आपल्याकडे नसेल, तर एका मात्रेसाठीही पूर्ण ओळ नव्याने टाइप करावी लागते. ग्राहकाला हे आधी सांगितलेले बरे, नाहीतर ‘एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?’ हा वाद ठरलेला असतो.

एका प्रकाराला आम्ही तीन पर्याय पाठवतच नाही. दहावीचे गुणपत्रक किंवा आधार कार्ड यांचा फोटो आणि सोबत ‘नाव नीट करा’ असा निरोप असेल, तर वाकडा स्कॅन सरळ करणे, सावली घालवणे, फाटलेले लॅमिनेशन बदलणे एवढेच आम्ही करतो. मराठी आडनावे कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदलतात, त्यामुळे मागणी करणाऱ्याचे म्हणणे पुष्कळदा खरेच असते. पण चित्रातील अक्षर बदलणे ही बनावट ठरते. गुणपत्रकासाठी शाळेमार्फत मंडळाकडे आणि आधारसाठी नोंदणी केंद्रात जाण्यास सांगणारे वेगळे तयार उत्तर आम्ही ठेवले आहे. ते पाठवल्यावर काहीजण दुसरे दुकान शोधतात, त्याला आमचा इलाज नाही.

सोयीची मर्यादाही सांगतो. कोणते उत्तर पाठवायचे ते अ‍ॅप ठरवत नाही. फोटो पाहून माणसालाच निवडावे लागते. शिवाय साधा पाठवलेला फोटो आकाराने कमी होऊन येतो आणि बारीक अक्षरांत अनुस्वार आहे की कागदावरचा ठिपका, हे कळत नाही. म्हणून मजकुराच्या उत्तराखाली ‘फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ ही ओळ आम्ही कायमची जोडून टाकली आहे.