टागालोगचं क्रियापद नऊ महिने वापरल्यावर: आङ कुणाला लावायचा?

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही मेट्रो मनिलातल्या केझोन सिटीत राहायला आलो, त्याला नऊ महिने झाले. ऑफिस, बँक, दवाखाना सगळं इंग्रजीत निभावतं. पण पालेंगकेत, म्हणजे मंडईत, आणि शेजारी माणसं आपसात बोलतात ती टागालोग. मला ती यायला हवी होती म्हणून पहिल्या आठवड्यापासून शिकायला लागले. नामांना लिंग नाही, क्रियापद माणसाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे सुरुवात सोपी वाटली. अडले ते एकाच ठिकाणी, आणि तिथे जवळजवळ चार महिने अडून राहिले. त्याचाच हा अनुभव लिहिते आहे.

टागालोगच्या वाक्यात नामांच्या आधी छोटे शब्द येतात: आङ, नाङ आणि सा. ङ म्हणजे आपल्या ‘वाङ्मय’मधला ङ. (नाङ लिहिताना फक्त दोन रोमन अक्षरं लिहितात, वाचताना मात्र नाङ.) वाक्यातल्या एका नामाला आङ लागतो, आणि ते नाम कोणतं हे क्रियापद सांगतं. खाण्याचा धातू आहे काइन. त्याच्या पहिल्या व्यंजनानंतर ‘उम’ घुसवला की कुमाइन होतं, आणि आङ खाणाऱ्याला जातो. ‘इन’ घुसवला की किनाइन होतं, आणि आङ खाल्लेल्या वस्तूला जातो.

कुमाइन नाङ इस्दा आङ पूसा.
किनाइन नाङ पूसा आङ इस्दा.

पूसा म्हणजे मांजर, इस्दा म्हणजे मासा. दोन्ही वाक्यांत खाणारं मांजरच आहे आणि खाल्लेला मासाच. दुसरं वाक्य पाहिलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं: ‘मांजराने मासा खाल्ला.’ मांजराला ‘ने’, क्रियापद माशाच्या बाजूने. शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग! मी वहीत लिहून टाकलं: नाङ म्हणजे ‘ने’.

ही नोंद मला सगळ्यात महाग पडली. मराठीत हा ‘ने’ भूतकाळात येतो आणि वर्तमानकाळात निघून जातो. ‘मांजराने मासा खाल्ला’, पण ‘मांजर मासा खातं’. आपण ते निवडत नाही, काळ बदलला की ते आपोआप होतं. त्याच सवयीने मी झालेल्या गोष्टीला किनाइन आणि चालू गोष्टीला कुमाकाइन वापरत राहिले. समोरच्याला समजत होतं, म्हणून कुणी दुरुस्तही केलं नाही.

एका दुपारी बांगूस तळून टेबलावर ठेवला होता आणि मी मागे कपडे वाळत घालत होते. बांगूस हा इथला लाडका मासा, काटे भरपूर, चव सुंदर. शेजारच्या आतेने खिडकीतून हाक मारली (आते म्हणजे मोठी बहीण, आपल्या आत्याशी संबंध नाही): ‘किनाकाइन नाङ पूसा युङ इस्दा मो!’ मांजर तुझा मासा खातंय! बोलताना आङच्या जागी युङ सर्रास येतो. मी धावले, अर्धा मासा वाचला. आणि स्वयंपाकघरात उभी असतानाच जाणवलं की ती ‘खातंय’ म्हणाली, तरी मांजराला नाङ होता. खाणं चालू होतं, आणि आङ तरीही माशाकडे होता.

त्या संध्याकाळी वहीतलं पान फाडून नवं केलं. खाणाऱ्याला आङ देणारी तीन रूपं: कुमाइन (खाल्लं), कुमाकाइन (खाणं चालू आहे), काकाइन (खाणार). वस्तूला आङ देणारी तीन रूपं: किनाइन, किनाकाइन, काकाइनिन. धातूचं पहिलं अक्षर दुणावलं की क्रिया अजून संपलेली नाही, किंवा सुरूच व्हायची आहे. म्हणजे आङ कुणाचा हा प्रश्न वेगळा आणि क्रिया कुठवर आली हा प्रश्न वेगळा. मराठीत हे दोन प्रश्न एकमेकांना बांधलेले आहेत, टागालोगमध्ये ते सुटे आहेत. आतेने मला आधीच सावध केलं असतं तर ती म्हणाली असती, ‘काकाइनिन नाङ पूसा आङ इस्दा मो.’ अजून मांजर टेबलावर चढलेलंही नाही, तरी आङ माशालाच.

लेनर्ड ब्लूमफील्ड या भाषाशास्त्रज्ञाने 1917 मध्ये टागालोगचं वर्णन केलं, इलिनॉय विद्यापीठात शिकणाऱ्या एका टागालोग विद्यार्थ्याकडून ऐकून. त्यानेही या रूपांना एक कर्तरी आणि तीन कर्मणी अशी नावं दिली होती. पुढच्या अभ्यासकांनी ‘फोकस’ हा शब्द आणला. कर्मणी म्हणण्यातली अडचण मला आता रोजच्या बोलण्यात दिसते. ‘माझ्याकडून मासा खाल्ला गेला’ असं म्हटलं की मराठीत वाक्य वाकडं, कागदी होतं. ‘किनाइन को आङ इस्दा’ तसं मुळीच वाटत नाही. ते अगदी साधं, दिवसातून दहादा ऐकू येणारं वाक्य आहे. आज्ञासुद्धा याच रूपात देतात: ‘काइनिन मो इयान’, ते खा.

मग आङ नेमका कशासाठी? सुरुवातीला मला वाटायचं की ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याला आङ. तसं नाही. आङ लागलेलं नाम दोघांना ठाऊक असलेलं, ठरलेलं असतं. ‘कुमाइन आको नाङ इस्दा’ म्हणजे मी मासा खाल्ला, कुठलातरी, मासे या प्रकारातलं काहीतरी. ‘किनाइन को आङ इस्दा’ म्हणजे तो मासा खाल्ला, तुला माहीत असलेला. मराठीत आपण ‘तो’ घालून हे सांगतो, किंवा घालतही नाही, संदर्भावर सोडतो. इथे क्रियापद निवडतानाच ठरवावं लागतं. म्हणून इथला नेहमीचा प्रश्न ‘कुमाइन का ना बा?’ असा आहे. आपल्या ‘जेवलीस का?’ची तीच जागा, तोच जिव्हाळा. त्यात काय खाल्लं याची चौकशीच नाही, म्हणून आङचं रूप (का, म्हणजे तू) खाणाऱ्याकडे.

हे पक्कं झालं ते चावीच्या प्रसंगाने. देणे याचा धातू बिगाय. ‘मी गार्डला चावी दिली’ याची टागालोगमध्ये तीन वाक्यं होतात:

नागबिगाय आको नाङ सूसि सा गुवार्दिया.
इबिनिगाय को आङ सूसि सा गुवार्दिया.
बिनिग्यान को नाङ सूसि आङ गुवार्दिया.

पहिल्यात आङचं रूप ‘मी’ला (आको), दुसऱ्यात चावीला, तिसऱ्यात गार्डला. गच्चीची चावी आमच्या मजल्यावर एकच आहे. आतेने विचारलं, ‘नासाआन आङ सूसि?’ चावी कुठे आहे? मी पहिलं वाक्य म्हणाले. ती गोंधळली: ‘आनोङ सूसि?’ कुठली चावी? तिने विचारलं होतं त्या चावीबद्दल, आणि मी सांगत होते की मी गार्डला एक चावी दिली, कुठलीतरी. व्याकरणात चूक नव्हती, उत्तर मात्र दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. ‘इबिनिगाय को सा गुवार्दिया’ एवढंच पुरलं असतं. आणि गार्डकडे काय काय आहे, त्याला काय दिलं, असं बोलणं चाललं असतं तर तिसरं वाक्य बसलं असतं. तेव्हापासून मी उत्तर जुळवण्याआधी पाहते की समोरच्याच्या तोंडी आङ कशाला लागला होता. त्यालाच धरून क्रियापद निवडलं की सहसा चुकत नाही.

इथेच माझा दुसरा गैरसमज सुटला. ‘इन’ घुसला की आङ वस्तूला, असं मी धरून चालले होते. पण बिनिग्यानमध्येही ‘इन’ आहे आणि आङ गार्डला. इबिनिगायमध्येही आहे. हा ‘इन’ सांगतो एवढंच, की क्रिया सुरू झाली आहे किंवा पार पडली आहे, आणि आङ करणाऱ्याकडे नाही. तो कुणाकडे आहे हे दुसरे प्रत्यय सांगतात: पुढचा ‘इ’ असेल तर दिलेली वस्तू, शेवटचा ‘आन’ असेल तर घेणारा. किनाइनमध्ये असा दुसरा प्रत्यय उरतच नाही. त्याचा मूळचा शेवटचा ‘इन’ (काइनिन, काकाइनिन) क्रिया सुरू झाल्यावर गळून पडतो. दिसायला सारखे असलेले हे दोन ‘इन’ वेगळे केले तेव्हा ऐकताना होणारा माझा निम्मा गोंधळ गेला.

एक गोष्ट मात्र पाठच करावी लागली. वस्तूला आङ द्यायचा तर प्रत्यय कोणता, हे धातूगणिक बदलतं. खायच्या वस्तूला ‘इन’: काइनिन. पण भांडी धुवायची तर हुगासान, तिथे ‘आन’. कचरा टाकायचा तर इतापोन, तिथे ‘इ’. ढोबळमानाने, जे संपतं किंवा आपल्याकडे येतं त्याला ‘इन’, ज्याच्या पृष्ठभागावर काम होतं त्याला ‘आन’, जे आपल्यापासून दूर जातं त्याला ‘इ’. यावर नव्या धातूचा अंदाज बांधता येतो, भरवसा ठेवता येत नाही. मी आता धातू एकटा लिहीतच नाही, ‘काइन: कुमाइन, काइनिन’ अशी जोडीच लिहिते.

ज्यांना शिकायचं आहे त्यांनी प्रश्न आणि ‘जो-तो’ची वाक्यं लवकर धरावीत, कारण तिथे निवड उरत नाही. ज्याच्याबद्दल विचारायचं त्याचाच आङ असावा लागतो. ‘तू काय खाल्लंस?’ म्हणजे ‘आनो आङ किनाइन मो?’ मी कितीतरी दिवस ‘आनो आङ कुमाइन मो?’ म्हणत होते, आणि ते वाक्यच होत नाही. ‘कुणी खाल्ला?’ असेल तर उलट: ‘सीनो आङ कुमाइन नाङ इस्दा?’ आणि इथे एक गंमत आहे. नाङ लागलेला हा मासा ‘तो मासा’ही असू शकतो, दोघांना माहीत असलेला. खाणाऱ्याबद्दल विचारायचं तर कुमाइनच घ्यावं लागतं, म्हणून मासा ठरलेला असला तरी नाङवर भागवतो. वर सांगितलेला ठरलेपणाचा नियम या जागी ढिला पडतो. ‘मासा खाणारं मांजर’ म्हणजे पूसाङ कुमाइन नाङ इस्दा, आणि ‘मांजराने खाल्लेला मासा’ म्हणजे इस्दाङ किनाइन नाङ पूसा. आपल्या ‘खाणारं’ आणि ‘खाल्लेला’ या दोन रूपांशी हे इतकं जुळतं की मराठी माणसाला ही वाक्यं बाकीच्यांपेक्षा सोपी जावीत.

परवा आते जिन्यात भेटली, तिने डब्याबद्दल विचारलं. मी तिच्या प्रश्नातला आङ ऐकला आणि म्हणाले, ‘इबिनिगाय को ना पो सा गुवार्दिया.’ दिला हो गार्डकडे. ती ‘आ, सीगे’ म्हणाली आणि डबा आणायला खाली गेली.